हिमरू, कागद आणि पैठणी : छत्रपती संभाजीनगरमधील चार दिवस

छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) सुट्टीत जाणारी कुटुंबे दोन दिवसांत वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा उरकतात आणि परतताना दुकानातून एक हिमरू शाल घेतात. आम्ही या वेळी उलटे केले. आधी कारागिरांचे वेळापत्रक पाहिले आणि उरलेल्या वेळात किल्ला व मकबरा बसवला. बरोबर दादी होत्या आणि आठ व बारा वर्षांची दोन मुले, म्हणून दिवसाला एकच हुन्नर ठेवला.

पहिला मुक्काम कागजीपुऱ्याचा, आणि तो मुद्दाम पहिला. दौलताबादहून खुलदाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव हातकागदासाठी ओळखले जाते. मुहम्मद बिन तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारी घराणी इकडे आली असे इथले लोक सांगतात. आम्ही मंगळवारी गेलो. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात, त्यामुळे या रस्त्यावर गर्दी कमी असते आणि कारागिरालाही बोलायला सवड मिळते. शुक्रवारी मात्र जाऊ नये. कागजी मंडळी बहुतेक मुस्लिम आहेत, जुम्याच्या नमाजमुळे दुपारचे काम मोडते. रमजानात जायचे असेल तर वेळ आधी विचारून घ्यावी.

हातकागदाचे काम पाहुण्यांना करून पाहता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. सुती चिंध्या आणि कापडाचे तुकडे भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात आणि तो पाण्याच्या हौदात सोडतात. मग जाळीची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी बुडवायची, पाण्याखाली आडवी करायची आणि सपाट वर उचलायची. पाणी निथळत असतानाच ती पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलकेच हलवायची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. पाणी निथळून गेल्यावर हलवले तर काही उपयोग होत नाही, उलट थर फाटतो. आमच्या धाकट्याने पहिल्याच वेळी चौकट तिरकी उचलली आणि एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जाळीसारखा पातळ ताव तयार झाला. उस्तादांनी तो पाण्यात परत सोडला, ढवळला आणि म्हणाले, “हाच लगदा पुन्हा ताव होईल, घाबरू नकोस.” पाचव्या खेपेला ताव जमला. जमला की नाही हे उजेडाकडे धरून कळते. आत ढगासारखे काळे-पांढरे पट्टे दिसले, तर हलवण्यात कसर राहिली आहे असे समजावे.

ओला ताव कापडावर उलटा करतात, दाबून पाणी काढतात आणि मग सुकवतात. पुढे खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटला की शाई पसरत नाही. हे सगळे एका दिवसात होत नाही. म्हणूनच कागजीपुरा पहिल्या दिवशी ठेवला, म्हणजे शेवटच्या दिवशी परत जाऊन आपले ताव घेता येतात. पावसाळ्यात मात्र सुकण्याचा भरवसा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

दुसरा दिवस शहरातच, हिमरूचा. हिमरूत उभा धागा (ताणा) सुताचा आणि आडवा (बाणा) रेशमाचा असतो. नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला सैल सुटलेले दिसतात. त्याचा चुलतभाऊ म्हणजे मशरू. त्यात रेशमाचे ताण्याचे धागे वर येतात आणि सूत खाली, अंगाला लागणाऱ्या बाजूला राहते. शुद्ध रेशीम पुरुषांना मना आहे, तेव्हा ही जोडणी शरिअतला चालते म्हणून नाव पडले ‘मशरू’, म्हणजे शरिअतने मान्य केलेला. दादींनी कापड उलटे करून गालाला लावून पाहिले. दोन्ही बाजूंचा फरक असा लगेच कळतो.

दुकानातले बरेच हिमरू यंत्रमागावरचे असते. त्यात वावगे काही नाही, फक्त किंमत तशी असावी. हातमागाचे ओळखायचे तर काठाकडे पाहावे. कापड ताणून ठेवण्यासाठी लावलेल्या टाचण्यांची बारीक छिद्रे कडेला दिसतात. नक्षीही अगदी छापल्यासारखी एकसारखी नसते.

विणकराशी भेट ठरवताना आम्ही एक गोष्ट पाळली. “मागावर बसून बघू द्याल का?” असे न विचारता “आज कोणते काम चालू आहे?” असे विचारले. मागावरचे कापड कुणाच्या तरी ऑर्डरचे असते आणि अनोळखी हाताने ओढलेला एक चुकीचा धागा दहा-पंधरा ओळी उसवायला लावतो. पाहुण्याने करण्यासारखे खरे काम म्हणजे कांडी भरणे, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर धागा गुंडाळणे. मुलीने दोन कांड्या भरल्या. दुसरी घट्ट-सैल झाली होती, म्हणून ती वापरली गेली नाही. सैल कांडीतून धागा अडकत येतो आणि काठ आत ओढला जातो.

गेलेल्या तासाचे पैसे देणे आम्ही आधीच ठरवून सांगितले, विणकराच्या निम्म्या दिवसाच्या मजुरीइतके. वस्तू विकत घेतलीच पाहिजे ही ओढाताण त्यामुळे दोन्ही बाजूंनी उरत नाही.

तिसरा दिवस पैठणचा, दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटर. तिथल्या पैठणी केंद्रांत मागावर काम चालू असलेले पाहायला मिळते. पदरावरचा मोर किंवा मुनिया यंत्राच्या पंच-कार्डाने उमटत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने आत-बाहेर करून शेजारच्या धाग्यात गुंतवावी लागते. दाट नक्षीचा पदर दिवसाकाठी इंचभर पुढे गेला तरी ठीक मानतात, असे एक विणकर म्हणाले. म्हणून अर्ध्या तासात पाहून निघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. आम्ही दोन तास बसलो, तेव्हा मोराचा पाय उमटला. ओळखण्याची खूण सोपी आहे. अस्सल हातमागाच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते. मागे कापलेल्या किंवा लोंबत्या धाग्यांचे जाळे असेल तर ते दुसऱ्या पद्धतीचे कापड आहे.

कुंभारकामासाठी वेगळा दिवस ठेवू नये, पण हंगाम पाहावा. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ, पोळ्याआधी बैल आणि दिवाळीआधी पणत्या यांची घाई असते. तेव्हा चाक फिरताना दिसते, पण कुंभाराला बोलायला वेळ नसतो. मुलांनी केलेले भांडे कच्चेच घरी येते. नीट सुकायला दिवस लागतात आणि ओले भट्टीत घातले तर तडकते.

चौथ्या दिवशी सकाळी मकबरा, मग कागजीपुरा. ताव सपाट पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बांधून घ्यावेत. गुंडाळी केली तर घोटलेल्या कागदावर घडी पडते आणि ती इस्त्रीनेही जात नाही.