चष्म्याच्या काडीवरचे तीन आकडे

चष्म्याचा नंबर म्हटलं की आपल्याला डोळ्यांचा नंबर आठवतो. उणे दोन, उणे सहा, वाचायचा अधिक दोन वगैरे. पण खुद्द चष्म्यालाही स्वतःचा नंबर असतो, आणि तो रोज आपल्या कानाशी असूनही बहुतेकांनी कधी वाचलेला नसतो. इल्फर्डच्या एका चष्म्याच्या दुकानात मी फ्रेम निवडून देण्याचं आणि काचांची मापं घेण्याचं काम करते. त्यामुळे दिवसभर मी हेच आकडे वाचत असते.

चष्मा काढा आणि काडीची आतली बाजू उजेडात धरा. तिथे बारीक अक्षरांत ५२ □ १८ १४० असं काहीतरी छापलेलं दिसेल. काही फ्रेमवर ते नाकावरच्या पुलाच्या मागे असतं. शेजारी मॉडेलचा आणि रंगाचा क्रमांकही असतो, त्यात गोंधळू नका. आपल्याला हवेत ते तीनच. पहिला साधारण चाळीस ते साठच्या आत, दुसरा चौदा ते चोवीसच्या आसपास आणि तिसरा मोठ्यांच्या चष्म्यात बहुधा १३५ ते १५०. तिन्ही मिलिमीटरमध्ये. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर आणि तिसरा काडीची लांबी, म्हणजे बिजागरीपासून कानामागे वळून टोकापर्यंत. मधला चौकोन उगाच नाही. काचेभोवती काटकोनी चौकट कल्पून ही रुंदी मोजली आहे, असं तो सांगतो. काच गोल असो की बदामी, माप त्या चौकटीचं.

हे आकडे नुसते मापाचे राहत नाहीत, ते काचेची जाडी ठरवतात. गेल्या दिवाळीच्या आधी डोंबिवलीहून मुलीकडे आलेल्या एक काकू दुकानात आल्या होत्या. त्यांचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे सहा. मुलीने त्यांना दिवाळीची भेट म्हणून मोठ्या काचांची नवी फ्रेम आणली होती, तीत फक्त काचा बसवायच्या होत्या. काकूंनी जुना चष्मा पुढे केला आणि म्हणाल्या, "अगं, हा छान बसतो, पण आता फार जुना दिसतो. नव्यात काचा जाड नको हं येऊ देऊस."

जुन्या काडीवर होतं ४८ □ १८ १४०, नवीवर ५६ □ १६ १४५. पहिले दोन आकडे मिळवायचे. जुन्याची बेरीज ६६, नव्याची ७२. ही बेरीज म्हणजे एका काचेच्या मध्यापासून दुसऱ्या काचेच्या मध्यापर्यंतचं अंतर. आता काकूंच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मी मोजलं, ते भरलं ६२. यालाच दुकानात पी.डी. म्हणतात. काचेचा नंबर जिथून नेमका दिसतो तो बिंदू बाहुलीसमोर यायला हवा. म्हणून तो फ्रेमच्या मध्यावरून नाकाकडे सरकवावा लागतो. जुन्या चष्म्यात ६६ वजा ६२ म्हणजे चार, प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर. नव्यात ७२ वजा ६२ म्हणजे दहा, प्रत्येक बाजूला पाच.

उणे नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. बिंदू नाकाकडे सरकला की कानाकडची कड त्याच्यापासून दूर जाते आणि जाड होते. जुन्या चष्म्यात ते अंतर काचेची अर्धी रुंदी २४ अधिक दोन, म्हणजे २६. नव्यात २८ अधिक पाच, ३३. फरक सातच मिलिमीटरचा वाटतो, पण जाडी अंतराच्या वर्गाने वाढते. साध्या प्लॅस्टिकच्या काचेत उणे सहाला मध्याची जाडी दोन मिलिमीटर धरली, तर जुन्याची कड साधारण सहा मिलिमीटर येते आणि नव्याची साडेआठ. पातळ प्रकारची महाग काच घेतली तर दोन्ही कमी होतात, पण मोठ्या फ्रेमची कड लहानीपेक्षा जाडच राहते.

बिंदू सरकवलाच नाही तर? मग काच वरून ठीक दिसते, पण डोळा मध्याऐवजी पाच मिलिमीटर बाजूने पाहतो आणि किरण वाकडे येतात. उणे नंबरात अशा वेळी एकच चित्र दिसावं म्हणून दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूला ताणावं लागतं, आणि ते त्यांना फार अवघड जातं. नवा चष्मा, नंबर बरोबर, तरी डोकं दुखतं किंवा दोन दिसतात, असं झालं तर हे आधी तपासायला सांगावं.

काकूंसाठी शेवटी ४९ □ १८ १४० ची दुसरी फ्रेम निघाली. बेरीज ६७, बिंदू अडीच मिलिमीटर सरकला, कड साधारण साडेसहावर आली. मुलीने आणलेली फ्रेम मुलीलाच बसली. तिचा नंबर उणे एक. इतक्या कमी नंबराला मोठी काचही जेमतेम एक मिलिमीटरने जाड होते, त्यामुळे तिने हवी ती फ्रेम घ्यावी. जास्त उणे नंबरवाल्यांनी मात्र बेरीज पी.डी.पेक्षा चार-पाचनेच जास्त ठेवावी आणि पहिला आकडा लहान घ्यावा.

मधल्या आकड्याचं महत्त्व फ्रेमच्या प्रकारावर आहे. धातूच्या फ्रेमला नाकावर हलणाऱ्या गाद्या असतात, त्या वाकवून जुळवता येतात. अखंड प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये पूल आहे तसाच राहतो. तो रुंद असेल तर चष्मा घसरतो, अरुंद असेल तर नाकावर लाल वळ उठतात. काडीचं म्हणाल तर लांबी थोडी इकडेतिकडे चालते. कानामागचं वळण गरम करून पुढेमागे नेता येतं, आखूड काडी मात्र लांब करता येत नाही.

दोन गोष्टी हे आकडे सांगत नाहीत. एक, फ्रेमची एकूण रुंदी. तिन्ही आकडे सारखे असूनही एक फ्रेम कानशिलांवर रुतते आणि दुसरी सैल पडते, ती म्हणूनच. दुसरी, काचेची उंची. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत हवं असेल तर उंची लागते. ती फुटपट्टीने मोजा.

आकडे पुसले असतील तरी अडत नाही. डाव्या काचेच्या डाव्या कडेपासून उजव्या काचेच्या डाव्या कडेपर्यंत पट्टी लावा. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज थेट मिळते.

सुट्टीत पुण्याला लक्ष्मी रोडवर किंवा दादरला चष्मा करून घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. इथे डोळे तपासल्यावर नंबराचा कागद द्यावाच लागतो, पण त्यावर पी.डी. लिहिलेला असेलच असं नाही. तेव्हा निघण्याआधी पी.डी. मोजून घ्या आणि चांगल्या बसणाऱ्या चष्म्याचे तिन्ही आकडे त्याच कागदामागे लिहून ठेवा. सोळा वर्षांखालच्या मुलांचा चष्मा मात्र इथेच करावा. ब्रिटनमध्ये तो नोंदणीकृत व्यक्तीच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो. मुलांचं नाक आणि पी.डी. दोन्ही वाढत असतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या काडीवरचे आकडे त्यांना यंदा चालत नाहीत.