डोळ्यापासून ६० सेंटिमीटर

बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँ सर्किटवर शर्यत सुरू होताच ‘ला सूर्स’ हे वळण येतं. उजवीकडचं, अगदी आखूड, गाडीला जवळजवळ उलटं फिरवणारं. खऱ्या गाडीत चालक ब्रेकवरचा पाय सैल करता करताच मान उजवीकडे वळवतो आणि वळणाच्या आतल्या टोकावर नजर रोखतो. गाडीचं नाक मागाहून तिकडे येतं. घरच्या रेसिंग सिम्युलेटरवर समोर एकच २७ इंची मॉनिटर असेल, तर हे आतलं टोक ऐन मोक्याच्या क्षणी स्क्रीनबाहेर निघून जातं आणि स्टिअरिंग अंदाजानं फिरवावं लागतं.

म्हणूनच सिम्युलेटरवर मनापासून सराव करणारी मंडळी एकाऐवजी तीन मॉनिटर लावतात: एक समोर आणि दोन बाजूंना, आत वळवलेले. खर्च बराच होतो, खोलीही अडते. आणि एवढं करूनही पुष्कळदा चित्र विचित्रच दिसतं. मधला रस्ता बारीक आणि दूर, बाजूची झाडं रबरासारखी ताणलेली, दोन मॉनिटरच्या सांध्यावर मोडलेल्या रेषा. यात दोष मॉनिटरचा क्वचितच असतो. खेळाला मॉनिटर कुठे आणि कसे ठेवले आहेत हे सांगितलेलंच नसतं, किंवा चुकीचं सांगितलेलं असतं.

स्क्रीन म्हणजे गाडीच्या जगात उघडणारी खिडकी आहे, असं धरून चालावं. खिडकीतून बाहेरचं किती दिसेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: खिडकी किती रुंद आहे आणि आपण तिच्यापासून किती अंतरावर बसलो आहोत. त्या दोन मापांतून निघणारा कोन म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, सिम्युलेटरवाल्यांच्या बोलण्यातला ‘एफओव्ही’. शाळेतल्या त्रिकोणमितीवर तो निघतो. रुंदी W आणि डोळ्यापासूनचं अंतर D असेल, तर

```
FOV = 2 × atan(W / (2 × D))
```

आता प्रत्यक्ष आकडे घालू. २७ इंची मॉनिटरच्या दिसणाऱ्या भागाची रुंदी ५९.७ सेंटिमीटर असते. चालकाचे डोळे स्क्रीनपासून ६० सेंटिमीटरवर असतील, तर कोन येतो सुमारे ५३ अंश, म्हणजे समोरच्या रेषेपासून दोन्हीकडे साडेसव्वीस अंश. ला सूर्सचं टोक का हरवतं, ते या आकड्यात आहे. तेच डोळे ८० सेंटिमीटरवर गेले, तर कोन ४१ अंशांवर येतो. मॉनिटर जवळ आणणं हा मोठा मॉनिटर घेण्यापेक्षा किती स्वस्त उपाय आहे, हे यावरून कळावं.

अंतर मोजायचं ते डोळ्यापासून स्क्रीनच्या पृष्ठभागापर्यंत, स्टिअरिंगपासून किंवा टेबलाच्या कडेपासून नव्हे. सीटवर शर्यतीत बसतो तसं टेकून बसावं, हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि टेप दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगावी. एकट्यानं मोजताना माणूस नकळत पुढे वाकतो. ६० च्या जागी ६५ धरलं, तर एका स्क्रीनमागे साडेतीन अंशांचा फरक पडतो.

मॉनिटर तीन झाले की एक नवी अडचण उभी राहते, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमधली सोय, म्हणजे एनव्हीडियाचं ‘सराउंड’ किंवा एएमडीनं २००९ मध्ये आणलेलं ‘आयफिनिटी’, तीन मॉनिटर जोडून त्यांची एक लांबलचक स्क्रीन करते. खेळाला वाटतं की समोर एकच सपाट, अतिरुंद काच आहे. सपाट काचेवर चित्र काढताना मध्यापासून जितकं दूर जावं तितकं ते ताणलं जातं. आपल्या तीन मॉनिटरांचा मिळून कोन १६१ अंश भरतो. एवढा कोन एका सपाट काचेवर मांडला, तर मधल्या मॉनिटरवर त्यातले सुमारे १२७ अंश कोंबले जातात आणि बाजूच्या प्रत्येक मॉनिटरच्या वाट्याला जेमतेम १७ अंश येतात. मधला रस्ता बारीक आणि झाडं ताणलेली दिसतात ती यामुळेच. एफओव्हीचा आकडा कितीही वरखाली केला, तरी हा दोष जात नाही.

त्यावर उपाय म्हणजे तीन वेगळी चित्रं. खेळानं दृश्य तीनदा काढायचं, प्रत्येक मॉनिटरसाठी त्याच्या त्याच्या दिशेनं. आयरेसिंग, असेटो कोर्सा, आरफॅक्टर २ या सिम्युलेटरांत ही सोय आहे. नाव आणि जागा प्रत्येकात निराळी, पण विचारलं जातं ते साधारण एकच: डोळ्यापासूनचं अंतर, मॉनिटरची रुंदी, कडेच्या चौकटीची जाडी आणि बाजूचे मॉनिटर किती अंशांत वळवले आहेत. संगणकाला काम जास्त पडतं. २५६० बाय १४४० च्या तीन मॉनिटरांत मिळून १ कोटी १० लाखांवर पिक्सेल होतात, एका फोर-के स्क्रीनपेक्षा जास्त. तेव्हा सावल्या आणि प्रतिबिंबांची पातळी थोडी उतरवावी लागली तरी चालेल, पण तीन चित्रं सोडू नयेत.

बाजूचे मॉनिटर किती वळवायचे? तिन्ही स्क्रीन डोळ्यापासून सारख्याच अंतरावर आणि डोळ्याला समोरासमोर असाव्यात, ही उत्तम मांडणी. आपल्या उदाहरणात प्रत्येक मॉनिटरला दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटरची चौकट, म्हणजे बेझल, आहे असं धरू. मग पूर्ण रुंदी ६१.३ सेंटिमीटर होते आणि बाजूचा मॉनिटर मधल्याच्या सरळ रेषेपासून ५४ अंश आत वळवावा लागतो. कोनमापक घेऊन हे करणं अवघड आहे, टेपनं मात्र सोपं. डोळ्याच्या जागेपासून बाजूच्या स्क्रीनच्या मध्यापर्यंत ६० सेंटिमीटर आणि तिच्या दोन्ही उभ्या कडांपर्यंत साडेसदुसष्ट सेंटिमीटर भरलं, की कोन बरोबर आला. शेवटची खात्री म्हणून डाव्या मॉनिटरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत हवेतून सरळ टेप धरावी. ते अंतर १३३ सेंटिमीटर यायला हवं. उंचीच्या बाबतीत स्क्रीनचा मध्य डोळ्याच्या रेषेत ठेवावा.

५४ अंश म्हणजे चालक जवळजवळ वेढला जातो. सीटवर चढण्या-उतरण्याला अडचण होत असेल, तर ४५ अंशांवर थांबायला काहीच हरकत नाही. फक्त खेळात मग ४५ लिहायचे. मॉनिटर प्रत्यक्षात ज्या कोनात आहे तोच कोन खेळाला कळला पाहिजे. आदर्श कोन लिहून मॉनिटर भलत्याच कोनात ठेवण्यापेक्षा साधा कोन खरा लिहिणं कितीतरी बरं.

आता चौकट. खिडकीच्या दोन तावदानांमधल्या लाकडी पट्टीमागेही अंगण असतंच, फक्त दिसत नाही. पट्टीमागून मांजर गेलं तर ते क्षणभर लपतं आणि पलीकडून बाहेर येतं. मॉनिटरच्या सांध्यावरही तसंच व्हायला हवं. खेळाला चौकट माहीत नसेल, तर एका स्क्रीनच्या शेवटच्या पिक्सेलला लागून पलीकडचा पहिला पिक्सेल येतो आणि शेजारची गाडी १६ मिलिमीटरची पट्टी एका क्षणात ओलांडते. ही तूट भरून काढणं म्हणजे बेझल करेक्शन. आपल्या मॉनिटरवर १६ मिलिमीटर म्हणजे साधारण ६९ पिक्सेल होतात. तेवढे पिक्सेल प्रत्येक सांध्यामागे लपवले जातात.

हे करेक्शन दोन ठिकाणी करता येतं आणि नेमकं तिथेच घोळ होतो. ड्रायव्हरमध्ये केलं, तर ७६८० पिक्सेलांची जोडस्क्रीन वाढून ७८१८ ची होते. खेळात केलं, तर चौकटीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहायची. दोन्हीकडे केलं, तर पट्टीमागे दुप्पट जग गडप होतं. तीन चित्रं काढणारा खेळ असेल, तर ड्रायव्हरमधलं करेक्शन बंद ठेवावं आणि माप खेळालाच द्यावं. बाजूच्या मॉनिटरची कड मधल्याच्या चौकटीवर चढवून ठेवली असेल, तर मधे एकच चौकट उरते, हेही माप देताना विसरू नये. जाडी मोजायची ती पेटलेल्या पिक्सेलपासून. आजकालच्या ‘बेझललेस’ म्हणवणाऱ्या मॉनिटरलाही काचेखाली काही मिलिमीटरची काळी पट्टी असते.

सगळं लिहून झालं की तपासणी. त्यासाठी क्षितिज पाहून उपयोग नाही, कारण डोळ्याच्या उंचीवरची आडवी रेषा मापं चुकली तरी सरळच दिसते. बंद दरवाजा नसलेली एखादी सिंगल-सीटर गाडी सरळ रस्त्यावर उभी करावी आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेषा सांध्यावरून कशी जाते ते पाहावं. ही रेषा तिरकी असते, म्हणून चूक लपत नाही. डोकं शर्यतीच्या जागी टेकवून, एक डोळा मिटून पाहावं. सांध्यावर रेषेची दिशाच बदलली, तर कोन किंवा अंतर चुकलं आहे. दिशा तीच, पण रेषा पट्टीपलीकडे थोडी सरकून निघत असेल, तर चौकटीचं माप चुकलं आहे. आधी कोन आणि अंतर नीट करावं, मग मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं चौकट. मागे उभ्या असलेल्या पाहुण्याला या रेषा मोडलेल्याच दिसतील, कारण सारा हिशेब एकाच डोळ्याच्या जागेसाठी मांडलेला आहे.

योग्य मापं लागल्यावर पहिली तक्रार हमखास येते: गाडी हळू वाटते. आधीच्या कोंबलेल्या चित्रात वळणं होती त्याहून दूर दिसत आणि मग झपकन अंगावर येत, त्यालाच वेग समजण्याची सवय झालेली असते. आता वळण आपल्या खऱ्या अंतरावर दिसतं आणि ब्रेकची खूण पक्की करता येते. दुसरी तक्रार आरसे किंवा डॅशबोर्ड दिसत नसल्याची. तेव्हा एफओव्हीला हात न लावता खेळातली सीट मागेपुढे किंवा वरखाली सरकवावी. ती वेगळी मांडणी असते आणि तिच्यानं भूमिती बिघडत नाही. एक बारकावाही लक्षात ठेवावा: असेटो कोर्सामध्ये एफओव्ही उभा मोजतात. आपल्या मॉनिटरची उंची ३३.६ सेंटिमीटर, म्हणून तिथे सुमारे ३१ अंश येतात. ५३ किंवा १६१ हे आडवे आकडे तिथे टाकले, तर सगळं पुन्हा बिघडतं.

तीन मॉनिटरांनीही सगळं दिसत नाही. १६१ अंशांत नजर प्रत्येक बाजूला ८० अंशांपर्यंत पोचते, म्हणजे खांद्याच्या थोडी अलीकडे थांबते. ला सूर्सचं टोक आता दारापाशी येईपर्यंत नजरेत राहतं. आत घुसू पाहणाऱ्या गाडीचं पुढचं चाकही, ते चालकाच्या थोडं पुढे आलं की, बाजूच्या स्क्रीनच्या कडेला दिसू लागतं. ती गाडी अजून मागच्या चाकाशी असेल, तर मात्र आरसा आणि कानातल्या स्पॉटरच्या आवाजावरच भिस्त ठेवावी लागते.