एकोणसत्तराला ८.९ की नुसते ८?

मुंबई विद्यापीठाच्या दहा पॉइंटांच्या जुन्या श्रेणीपद्धतीत ६० गुणांना ८ ग्रेड पॉइंट आणि ७० गुणांना ९ होते. मधल्या ६९ ला किती? तेही ८ च. ही पद्धत पायऱ्यांची होती. पायरीऐवजी दोन कटऑफना जोडणारा तिरका उतार धरला, तर ६९ ला ८.९ मिळतात. ६० पासून तो ९ गुण वर आहे, दोन कटऑफमधलं अंतर १० गुणांचं, म्हणून ८ + ९/१०.

एवढ्याने निकाल किती फिरतो ते पाहा. समान क्रेडिटचे चार पेपर घेऊ. एका विद्यार्थिनीला ६९, ६९, ५९, ५९ गुण, बेरीज २५६. दुसरीला ७०, ६०, ६०, ५५, बेरीज २४५. ५५ चा कटऑफ ७ पॉइंटांचा होता, त्यामुळे पायऱ्यांच्या हिशोबाने पहिलीची सरासरी ७.५ आणि दुसरीची ८. अकरा गुण जास्त मिळवणारी अर्ध्या पॉइंटाने मागे! उताराच्या हिशोबाने ५९ ला ७ + ४/५ म्हणजे ७.८ मिळतात. पहिलीची सरासरी ८.३५ होते. दुसरीचे सगळे गुण नेमके कटऑफवरच असल्याने तिचे ८ जागच्या जागी राहतात.

इथे भागाकार पाचाने झाला, कारण ४० ते ६० मध्ये दर पाच गुणांवर कटऑफ होता आणि त्यापुढे ८० पर्यंत दर दहावर. म्हणजे साठाच्या खाली एक गुण ०.२ पॉइंटांचा, वर तोच ०.१ चा. म्हणून ६० आणि ६० मिळवणाऱ्याची सरासरी ८ येते, तर ५५ आणि ६५ मिळवणाऱ्याची ७ आणि ८.५ मिळून ७.७५. बेरीज दोघांचीही १२०. पायऱ्यांचा अन्याय उताराने जातो, पण कटऑफ असमान अंतरावर लावल्याचा परिणाम तसाच राहतो. तो सूत्राचा दोष नव्हे.

एक्सेलमध्ये हे करताना हमखास होणारी चूक म्हणजे श्रेणीच्या तक्त्यातले ६० ते ६९ हे आकडे तसेच उचलून नवाने भागणं. मग ६९ लाही पूर्ण ९ मिळतात आणि ७० लाही. पडताळा सोपा आहे: कटऑफच्या एक गुण अलीकडचा आकडा घालून पाहावा, त्याला कटऑफएवढेच पॉइंट आले तर भाजक चुकला.

दोन्ही टोकांना मात्र हा उतार थांबवावाच लागतो. ८० ला १० पॉइंट मिळाले की वर कटऑफच नाही, त्यामुळे ९८ लाही १० च. खाली ४० ला ४ आणि शून्याला शून्य अशी रेघ ओढली तर ३९ ला ३.९ येतील आणि नापास पेपर सरासरीला जवळजवळ पास झाल्यासारखाच हातभार लावेल. चाळिसाखाली सरळ शून्यच ठेवावं, असं मला वाटतं; तिथली पायरी मुद्दाम बांधलेली आहे.