उरलेल्या शेपटीचे माप

१, १/४, १/९, १/१६... प्रत्येक संख्येच्या वर्गाचा व्यस्त घ्यायचा आणि बेरीज करत जायची. इटलीच्या पिएत्रो मेंगोलीने १६५० मध्ये विचारले, की ही न संपणारी बेरीज नेमकी किती भरते? उत्तर सापडायला जवळपास ८५ वर्षे लागली. कॅल्क्युलेटर घेऊन पहिली दहा पदे मिळवली, तर १.५४९७७ येतात. पण पुढे अनंत पदे शिल्लक आहेत. ती सगळी मिळून किती भर घालतील?

इथे इंटिग्रल टेस्ट, म्हणजे संकलाची कसोटी, कामी येते. आलेखाच्या कागदावर 1/x² चा वक्र काढा. अकराव्या पदासाठी १ रुंदीचा आणि १/१२१ उंचीचा आयत १० ते ११ या अंतरावर उभा करा, बाराव्याचा त्याला लागून. वक्र उजवीकडे सतत उतरत असल्याने हे सगळे आयत त्याच्या खालीच राहतात. म्हणून शेपटीची बेरीज १० पासून पुढे वक्राखाली असलेल्या क्षेत्रफळापेक्षा कमी. ते क्षेत्रफळ संकलनाने एका ओळीत निघते: १/१०.

आता तेच आयत एक घर उजवीकडे सरकवा. या वेळी वक्र त्यांच्या आत जातो, त्यामुळे शेपटी ११ पासूनच्या क्षेत्रफळापेक्षा, म्हणजे १/११ पेक्षा, जास्त ठरते. अनंत पदे दोन साध्या अपूर्णांकांच्या मध्ये पकडली गेली! या कसोटीचे खरे सौंदर्य इथेच आहे.

क्षेत्रफळ मर्यादित असेल तर बेरीजही मर्यादित, ते अमर्याद वाढत असेल तर बेरीजही तशीच. १ + १/२ + १/३ + ... या श्रेढीत पदे बारीक होत जातात, पण 1/x खालचे क्षेत्रफळ लॉगरिदमच्या चालीने वाढतच राहते. दहा लाख पदांची बेरीज जेमतेम १४.३९ होते. पडद्यावर आकडा थांबल्यासारखा दिसतो आणि इथेच माणूस फसतो, कारण पुढची दहा लाख पदे त्यात आणखी ०.६९ घालतात.

पदे धन आणि सतत उतरती असली पाहिजेत, ही अट मात्र मोडता येत नाही. विद्यार्थ्यांची एक चूकही नेहमीची: संकलाचे उत्तर हीच बेरीज समजणे. १ पासून अनंतापर्यंत 1/x² चे संकल १ येते, पण बेरीज तेवढी नसते.

मग मेंगोलीची बेरीज किती? दहा पदांत १/१० आणि १/११ यांची सरासरी मिळवली, की १.६४५२२ येते. ऑयलरने १७३५ च्या सुमारास शोधलेले अचूक उत्तर आहे π²/6, म्हणजे १.६४४९३. नुसती पदे मिळवत इतक्या जवळ जायचे, तर साडेतीन हजारांच्या आसपास पदे लागली असती.