पन्नास मिलिग्रॅमचा फरक

१९६८-६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात फिट्सचे अनेक रुग्ण एकच तक्रार घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागले. चालताना तोल जातो, बोलताना जीभ अडखळते, समोरच्या वस्तू दोन-दोन दिसतात. दारू प्यायलेल्या माणसाचीच ही लक्षणं, पण रुग्ण दारू प्यायलेले नव्हते. ते वर्षानुवर्षं फेनिटॉइन घेत होते आणि त्यांचा डोस कुणीही वाढवलेला नव्हता. रक्त तपासलं, तेव्हा त्यात फेनिटॉइनची पातळी भलतीच वाढलेली निघाली.

शोध घेता घेता धागा कॅप्सूलपर्यंत पोहोचला. औषध तेच होतं, वजनही तेच होतं, फक्त कॅप्सूल भरण्यासाठी वापरायची निरुपद्रवी पूड बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट असायचं, त्याच्या जागी लॅक्टोज आलं. कॅल्शियम सल्फेटमुळे काही फेनिटॉइन आतड्यातून रक्तात न शिरताच शौचावाटे निघून जात असे. लॅक्टोजमुळे ही गळती थांबली आणि थोडं जास्त औषध रक्तात पोहोचू लागलं. १९७० मध्ये ही हकिकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली.

इतर बहुतेक औषधांच्या बाबतीत एवढ्या बदलाने इतका गोंधळ झाला नसता. औषध थोडं जास्त शोषलं गेलं, तर रक्तातली पातळीही त्याच प्रमाणात थोडी वाढते. फेनिटॉइनचं गणित मात्र वेगळं आहे, आणि ते दारूच्या गणिताशी जुळतं.

आधी नेहमीच्या औषधाचा हिशेब पाहू. पॅरासिटामॉलची पातळी साधारण दोन-तीन तासांत निम्मी होते. हा काळ दोन तास धरला, तर दोन तासांनी निम्मं, चार तासांनी पाव, सहा तासांनी अष्टमांश औषध उरतं. शरीर दर तासाला ठरावीक मिलिग्रॅम नव्हे, तर जेवढं आहे त्यातला ठरावीक हिस्सा बाहेर काढतं. रक्तात औषध जास्त असेल तर निचराही जास्त, कमी असेल तर कमी. याला ‘फर्स्ट ऑर्डर’ निचरा म्हणतात. यात पातळी निम्मी व्हायला लागणारा काळ, म्हणजे औषधाचा अर्धायुकाल, कायम राहतो. डोस दुप्पट केला की पातळी दुप्पट होते, पण औषध शरीरातून जायला लागणारा वेळ दुप्पट होत नाही. फक्त एक अर्धायुकाल जास्त लागतो.

हे जमतं, कारण यकृतातल्या विकरांकडे, म्हणजे एन्झाइमांकडे, भरपूर मोकळी जागा असते. टोलनाक्यावर दहा खिडक्या उघड्या आणि गाड्या तुरळक असतील, तर गाड्या दुप्पट झाल्या तरी दुप्पटच सुटतात. रांग लागली की मात्र मागे शंभर गाड्या असोत की हजार, तासाला सुटणाऱ्या गाड्या तेवढ्याच. औषधाने विकरांच्या सगळ्या जागा व्यापल्या की तेच घडतं. दर तासाला ठरावीक वजनाचंच औषध बाहेर पडतं, पातळी कितीही असो. हा ‘झिरो ऑर्डर’ निचरा. लेओनोर मिकेलिस आणि मॉड मेन्टेन यांनी १९१३ मध्ये विकराच्या वेगाचं जे सूत्र मांडलं, त्यात या दोन्ही अवस्था येतात. एकाच विकराची ती दोन टोकं आहेत: कमी पातळीला पहिली, जास्त पातळीला दुसरी.

दारूच्या बाबतीत दुसरी अवस्था फार लवकर येते. अल्कोहोलचं विघटन सुरू करणारं मुख्य विकर अगदी थोड्या अल्कोहोलनेच भरून जातं. आणि माणूस अल्कोहोल पितो ते मिलिग्रॅमच्या नव्हे, ग्रॅमच्या हिशेबात. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या पुरुषाचं यकृत तासाला साधारण ७ ग्रॅम संपवतं. एका पेगला जवळजवळ तीन तास लागतात ते यामुळे.

स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेल्या पद्धतीने हे रक्तातल्या पातळीत मोजता येतं. याच पुरुषाने रात्री नऊला सुरुवात करून एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, संपवली असं समजू. सगळं अल्कोहोल रक्तात उतरलं आणि काहीच बाहेर पडलं नाही असं धरलं, तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १२८ मिलिग्रॅम अल्कोहोल होईल. पहिल्या घोटापासून दर तासाला त्यातून सुमारे १५ मिलिग्रॅम वजा करायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली ३० मिलिग्रॅमची मर्यादा पहाटे साडेतीनच्या सुमाराला गाठली जाईल आणि अल्कोहोल पूर्ण संपायला साडेपाच वाजतील.

आता क्वार्टरऐवजी दुप्पट, ३६० मिलिलिटर घेतली तर? नेहमीच्या औषधासारखा हिशेब असता, तर एक अर्धायुकाल जास्त लागून काम भागलं असतं. इथे २५६ मधून तासाला १५ वजा करत जायचं. ३० ची मर्यादा दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला येते. रात्री झोपून, सकाळी अंघोळ-चहा उरकून नऊला गाडी काढणाऱ्या या माणसाच्या रक्तात तेव्हाही ७५ च्या आसपास अल्कोहोल असतं. कडक कॉफीने झोप उडेल, गार पाण्याने तरतरी वाटेल, पण यकृतातल्या विकराचा वेग त्याने वाढत नाही.

या आकड्यांवर विसंबून कुणी गाडीची किल्ली उचलू नये. कुणाचा वेग तासाला १० मिलिग्रॅम असतो, तर कुणाचा २० च्याही वर. रोज भरपूर पिणाऱ्यांच्या यकृतात दुसरं एक विकर वाढलेलं असतं, त्यामुळे त्यांचा निचरा जास्त वेगाने होतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांची पातळी जास्त चढते. आणि पातळी अगदी खाली आली की विकराच्या जागा मोकळ्या होतात आणि शेवटचा थोडा भाग फर्स्ट ऑर्डर पद्धतीने जातो.

फेनिटॉइन या दोन टोकांच्या मध्ये येतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. १९३८ मध्ये बोस्टनमधल्या मेरिट आणि पटनम यांनी फिट्सवर त्याचा उपयोग दाखवला आणि ते आजही वापरात आहे. त्याचा अपेक्षित गुण रक्तात लिटरला १० ते २० मिलिग्रॅम असताना येतो. पण त्याचं विघटन करणाऱ्या विकराच्या निम्म्या जागा चार-पाच मिलिग्रॅमलाच भरतात. म्हणजे औषध जिथे काम करू लागतं, तिथे विकर जवळपास भरत आलेलं असतं.

साठ किलोचा एक रुग्ण घेऊ. त्याचं यकृत दिवसाला जास्तीत जास्त ४२० मिलिग्रॅम फेनिटॉइन संपवू शकतं आणि त्याच्या विकराच्या निम्म्या जागा लिटरला ४ मिलिग्रॅमला भरतात, असं धरू. दोन्ही आकडे सरासरीच्या जवळचे आहेत. मिकेलिस-मेन्टेनच्या सूत्राने काढलं, तर रोज २०० मिलिग्रॅमवर त्याची पातळी चारच्याही खाली स्थिरावते आणि फिट्स थांबत नाहीत. ३०० वर ती १० होते. ३५० वर २०. आणि ४०० वर? सूत्राचं उत्तर आहे ८०.

प्रत्यक्षात रुग्ण ८० पर्यंत पोहोचण्याच्या खूप आधीच आजारी पडतो. पण ३५० आणि ४०० मधला फरक फक्त अर्ध्या गोळीचा आहे. फेनिटॉइनची नेहमीची गोळी १०० मिलिग्रॅमची. ‘तीन गोळ्यांवर अजून फिट येते, मग चार करू’ हे इतर औषधांच्या बाबतीत वाजवी वाटतं. इथे तेच पाऊल रुग्णाला मर्यादेपलीकडे नेतं. म्हणूनच या टप्प्यावर डोस २५ ते ५० मिलिग्रॅमनेच वाढवतात. ब्रिस्बेनमध्ये हेच घडलं. तिथली वाढ कुणी लिहून दिलेली नव्हती, पण कॅप्सूलमधून जास्तीचे मिलिग्रॅम रक्तात जाऊ लागले आणि काठावर असलेल्या रुग्णांची पातळी भडकली.

ही वाढ एका रात्रीत दिसत नाही, आणि फसगत होते ती इथे. वरच्याच रुग्णाचा डोस ३०० वरून ४०० केला, तर सुरुवातीला रोज १०० मिलिग्रॅम शिल्लक राहू लागतं. साधारण सहा दिवसांत पातळी १० वरून २० वर येते. त्यानंतर शिल्लक रोज पन्नास आणि त्याहूनही कमी होते, त्यामुळे ३० गाठायला आणखी दहा दिवस जातात. पाचव्या दिवशी रक्त तपासलं, तर अहवाल अगदी छान येतो. डॉक्टर आणि नातेवाईक निर्धास्त होतात, आणि तिसऱ्या आठवड्यात रुग्ण भिंतीला धरून चालायला लागतो.

लक्षणं बहुधा ठरावीक क्रमाने येतात. पातळी २० च्या वर गेली की बाजूला पाहताना डोळ्यांची बुबुळं हलकेच थरथरतात. डॉक्टर बोट डावी-उजवीकडे फिरवून ते पाहतात. ३० च्या वर तोल जातो आणि पाय अडखळतात. ४० च्या वर गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं. घरच्यांना आधी दिसते ती चाल, आणि अशक्तपणा म्हणून ती सोडून दिली जाते.

डोस न बदलताही असं होऊ शकतं. आपल्याकडे क्षयरोगावरच्या उपचारात आयसोनियाझिड असतं. ते फेनिटॉइनच्या विघटनाचा वेग मंदावतं. विकराची क्षमता ४२० वरून ३६० जरी झाली, तरी रोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्याची पातळी १० वरून २० होते. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलमुळेही पातळी वाढते. त्यामुळे नवं औषध सुरू होताना फेनिटॉइन चालू असल्याचं डॉक्टरांना सांगावं लागतं आणि पातळी पुन्हा तपासावी लागते.

चढलेली पातळी उतरवतानाही विकराची तीच मर्यादा आड येते. औषध पूर्ण थांबवलं, तरी या रुग्णाची पातळी दिवसाला जेमतेम १० मिलिग्रॅमनेच घटते. फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असल्याने साध्या डायलिसिसचाही फारसा उपयोग होत नाही. म्हणून रुग्णाला पडू न देता सांभाळायचं, रोज पातळी मोजायची आणि ती २० च्या खाली आली की कमी डोसवर औषध पुन्हा सुरू करायचं. घरच्यांनी घाबरून गोळ्या कायमच्या बंद केल्या, तर काही दिवसांत पातळी शून्याकडे जाते आणि एकामागून एक फिट्स येण्याचा धोका उभा राहतो.