प्रकाशीय संवेदकाद्वारे नाडीमापन : गोंगाट, गाळणी आणि आकड्याची विश्वासार्हता

प्रस्तावना

पदवी स्तरावरील इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्पांमध्ये नाडीमापक यंत्राला विद्यार्थ्यांची मोठी पसंती असते. एक दिवा, एक प्रकाशसंवेदक, एक प्रवर्धक, एक मायक्रोकंट्रोलर आणि आकडे दाखविणारा छोटा प्रदर्शक एवढ्या सामग्रीत ते उभे राहते. आमच्या प्रयोगशाळेतही विद्यार्थ्यांच्या एका गटाने असे यंत्र तयार केले. बोट ठेवले की पाच-सहा सेकंदांत ७० च्या आसपास आकडा दिसे आणि मनगटावर मोजलेल्या नाडीशी तो बहुधा जुळे. गटातील एका विद्यार्थिनीने ते घरी नेऊन आजीची नाडीही मोजली आणि आकडा ठीक आला म्हणून ती निश्चिंत झाली.

पुढे एका सायंकाळी संवेदकावरून बोट काढल्यानंतरही प्रदर्शकावर ७१, ७०, ६८ असे आकडे येतच राहिले. तेवढ्यात वीज गेली. यंत्र लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत असल्याने ते बंद पडले नाही. मात्र आकडे नाहीसे झाले. वीज परत आल्यावर केवळ ट्यूबलाइटचे बटण बंद करून पाहिले, तेव्हाही तेच घडले. अर्थात यंत्र ट्यूबलाइटची ‘नाडी’ मोजत होते. असे का घडले आणि ते कसे टाळता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकेताचे स्वरूप

त्वचेवर टाकलेल्या प्रकाशाचा काही भाग ऊतींमधून विखुरून परत येतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटाच्या सूक्ष्म वाहिन्यांतील रक्त क्षणभर वाढते, अधिक प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित घटतो. या तत्त्वावर बोटांतील रक्तप्रवाहाचा अभ्यास अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांच्या यंत्रात हिरवा एलईडी आणि त्याच्या शेजारी बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड होता. हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन चांगला शोषून घेते, म्हणून त्याची निवड योग्यच होती.

अडचण संकेताच्या आकाराची आहे. संवेदकाचा विद्युत्दाब १ व्होल्ट असेल, तर त्यातील नाडीमुळे होणारा चढउतार साधारण १० मिलिव्होल्ट, म्हणजे शंभरावा हिस्सा असतो. म्हणून स्थिर भाग धारित्राने अडवून उरलेला चढउतार १०१ पट वाढविला जातो. ४.७ मायक्रोफॅरडचे धारित्र आणि ६८ किलोओहमचा रोध यांची जोडी ०.५ हर्ट्झच्या खालचे मंद बदल रोखते. प्रवर्धकात ३३० किलोओहम आणि ३.३ किलोओहम हे रोध वापरले की १०१ पट प्रवर्धन मिळते. परंतु प्रवर्धकाला नाडी आणि गोंगाट यांतील भेद कळत नाही. जे येईल ते तो सारख्याच निष्ठेने वाढवितो.

ट्यूबलाइटची नाडी

भारतातील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा कमाल होतो. त्यामुळे साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते व मंदावते. डोळ्यांना हे जाणवत नाही, फोटोडायोडला मात्र स्पष्ट जाणवते. नाडीचे ठोके सेकंदाला एक ते तीन. मग १०० हर्ट्झची लहर ७१ ठोक्यांच्या रूपात का दिसावी?

याचे उत्तर नमुने घेण्याच्या पद्धतीत आहे. विद्यार्थ्यांच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक वाचनानंतर delay(10) ही आज्ञा होती. वाचन आणि आकडेमोड यांस आणखी सुमारे ०.१२ मिलिसेकंद लागत. म्हणजे दर १०.१२ मिलिसेकंदांनी एक नमुना, अर्थात सेकंदाला ९८.८१ नमुने. दिव्याचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांचे. त्यामुळे प्रत्येक नमुना मागील नमुन्यापेक्षा आवर्तनाच्या किंचित पुढच्या टप्प्यावर घेतला जाई. चित्रपटात वेगाने धावणाऱ्या टांग्याचे चाक संथपणे फिरताना दिसते, त्यातलाच हा प्रकार. दिसणारी खोटी वारंवारता दोन्हींच्या फरकाइतकी असते :

१०० − ९८.८१ = १.१९ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला सुमारे ७१.

विजेची वारंवारता ५० वर काटेकोर स्थिर राहत नाही. ती ४९.९५ झाली की दिव्याची लहर ९९.९० हर्ट्झ होते, फरक १.०९ उरतो आणि प्रदर्शकावर ६५ येतात. खऱ्या नाडीप्रमाणे हा आकडा हळूहळू कमीजास्त होतो. शांत बसलेल्या तरुणाची नाडीही बहुधा याच टापूत असल्याने कोणाला संशय आला नाही.

गाळणीची जागा

विद्यार्थ्यांनी प्रोग्राममध्ये आठ नमुन्यांची सरासरी घेणारी गाळणी घातली होती. तिचा उपयोग झाला नाही, आणि होणेही शक्य नव्हते. नमुना घेतल्याक्षणी १०० हर्ट्झची लहर १.१९ हर्ट्झची झालेली असते. त्यानंतर ती आणि नाडी एकाच पट्ट्यात येतात. कोणतीही गाळणी केवळ वारंवारतेवरून त्यांना वेगळे करू शकत नाही. म्हणून पहिली गाळणी नमुना घेण्याच्या आधी, परिपथातच हवी.

त्यासाठी ३३० किलोओहमच्या रोधाला समांतर १०० नॅनोफॅरडचे एक धारित्र जोडले. f = 1/(2πRC) या सूत्रानुसार त्याची सीमा ४.८ हर्ट्झवर येते. आता नाडीच्या १ हर्ट्झच्या लहरीला दोन्ही गाळण्या मिळून सुमारे ९० पट प्रवर्धन मिळते, तर १०० हर्ट्झच्या लहरीला केवळ ५ पट.

उरलेल्या ५ पटींसाठी दुसरी सुधारणा केली. नमुने दर २ मिलिसेकंदांनी, घड्याळ पाहून घ्यायचे आणि सलग पाचांची सरासरी करायची. हे पाच नमुने १० मिलिसेकंदांत, म्हणजे दिव्याच्या बरोबर एका आवर्तनात पसरलेले असतात. आवर्तनातील चढ आणि उतार परस्परांना छेद देतात व दिव्याची लहर जवळजवळ पूर्णपणे नाहीशी होते.

```
unsigned long t = 0;
int sum = 0, n = 0;
void loop() {
  if (micros() - t < 2000) return;
  t += 2000;
  sum += analogRead(A0);
  if (++n == 5) {
    nadi(sum / 5);   // every 10 ms
    sum = 0; n = 0;
  }
}
```

येथे delay() वापरलेले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. आकडेमोडीला लागणारा वेळ कमीजास्त झाला तरी पुढील नमुन्याची वेळ बदलत नाही. याच कारणास्तव प्रदर्शकावरील आकडा सेकंदाला एकदाच बदलावा. लिहिण्यातच वेळ गेला तर नमुने उशिरा घेतले जातात.

ठोका ओळखणे व आकडा दाखविणे

स्वच्छ लहरीतही एक फसवणूक शिल्लक राहते. नाडीच्या मुख्य शिखरानंतर उतारावर एक लहान उंचवटा येतो. तो स्वतंत्र ठोका म्हणून मोजला गेला तर ७२ ऐवजी १४४ दिसतात. अशा वेळी ठोक्यांमधील अंतरे आलटूनपालटून आखूड व लांब येतात, उदाहरणार्थ ३५० आणि ४८३ मिलिसेकंद. यावर उपाय असा, की मागील दोन सेकंदांतील कमाल व किमान मूल्यांचा मध्य ही ठोक्याची रेषा मानावी, आणि लहर तळाच्या चतुर्थांशात उतरल्याखेरीज पुढचा ठोका मोजू नये.

त्यानंतर शेवटच्या पाच अंतरांचा मध्यक घ्यावा. समजा, अंतरे ८३०, ८५०, ४१०, ८४० आणि ८२० मिलिसेकंद आहेत. सरासरी ७५० येते व नाडी ८० दिसते. मध्यक ८३० आहे, त्यावरून ६०,००० ÷ ८३० = ७२. बोट हलल्याने आलेला एक खोटा ठोका मध्यकाला हलवीत नाही. पाचांपैकी किमान चार अंतरे मध्यकाच्या २० टक्क्यांच्या आत असतील तरच आकडा दाखवावा. अन्यथा केवळ दोन आडव्या रेघा दाखवाव्यात.

तथापि नियमितपणाची ही कसोटी ट्यूबलाइटला पकडत नाही, कारण दिव्याची लहर हृदयापेक्षाही नियमित असते. म्हणून बोट आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते. संवेदकाचा प्रवर्धनापूर्वीचा विद्युत्दाब A1 या दुसऱ्या प्रवेशावर घ्यावा आणि मापनाच्या आरंभी एलईडी बंद करून व चालू करून तो दोनदा वाचावा. बोट असेल तर दोन वाचनांत मोठा फरक पडतो. नसेल तर एलईडीचा प्रकाश परतच येत नाही. एलईडीच्या या बदलाने प्रवर्धकाला धक्का बसतो, म्हणून त्यानंतरचे तीन सेकंद सोडून द्यावेत.

पडताळणी आणि मर्यादा

यंत्र बरोबर आहे हे केवळ विश्रांतीच्या नाडीशी तुलना करून ठरवू नये. आमच्या गटाची फसगत तेथेच झाली. ट्यूबलाइट चालू ठेवून तीन चाचण्या घ्याव्यात. संवेदक उघडा ठेवावा : रेघा दिसल्या पाहिजेत. त्यावर खोडरबर ठेवावा : प्रकाश परत येतो, पण नाडी नाही, तेव्हाही रेघाच दिसल्या पाहिजेत. तिसरे, दोन मजले जिने चढून आलेल्या विद्यार्थ्याची नाडी एकाने मनगटावर आणि यंत्राने बोटावर एकाच वेळी मोजावी. आकडा वाढला पाहिजे आणि विश्रांतीबरोबर घटतही गेला पाहिजे.

काही दोष मात्र या रचनेत राहतातच. चालताना पावलांची लय सेकंदाला दीड ते दोन असते. ती नाडीच्याच पट्ट्यात येते व येथील गाळणीतून सुटत नाही. म्हणून हात टेबलावर स्थिर असावा आणि बोट हलकेच टेकलेले असावे; जोराने दाबल्यास वाहिन्या मिटतात व लहर क्षीण होते. हृदयाची लय मुळातच अनियमित असलेल्या व्यक्तीत यंत्र रेघा दाखवील, तसेच काही दुर्बल ठोके बोटापर्यंत पोहोचणारच नाहीत. अशा व्यक्तीसाठी हे यंत्र नाही. तिची तपासणी डॉक्टरांनीच केली पाहिजे.

निष्कर्ष

या प्रकल्पात गाळणी किती प्रबळ आहे यापेक्षा ती नमुना घेण्यापूर्वी आहे की नंतर, हे निर्णायक ठरले. शंभर नॅनोफॅरडचे एक धारित्र आणि नमुन्यांची काटेकोर वेळ यांनी जे साधले, ते प्रोग्राममधील सरासरीने साधणे शक्य नव्हते. तितकेच महत्त्व आडव्या दोन रेघांना आहे. सुधारलेले यंत्र तीनही चाचण्यांत उतरल्यावर त्या विद्यार्थिनीने ते पुन्हा घरी नेले. आधीचा आकडा आजीचा होता की घरातील दिव्याचा, हे सांगण्याचा मार्ग उरला नव्हता. म्हणून मापन नव्याने, आणि या वेळी मनगटावर बोटे ठेवूनही, करण्यात आले.