एका अल्कोहोलच्या तीन विक्रिया

उसाची साखर काढून घेतल्यानंतर जी मळी शिल्लक राहते, ती यीस्टच्या साहाय्याने आंबवून एथिल अल्कोहोल तयार करतात. राज्यातील अनेक साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून हे अल्कोहोल बाहेर पडते. कार्बनी रसायनशास्त्रात असंख्य विक्रियांचा अभ्यास होत असला, तरी त्यांपैकी फार मोठ्या भागाची विभागणी प्रतियोजन, समावेशन आणि विलोपन या तीन मूलभूत प्रकारांत करता येते. हे तीनही प्रकार या एकाच अल्कोहोलच्या आधारे समजून घेता येतात.

अल्कोहोलच्या रेणूची रचना साधी आहे. दोन कार्बन अणू एकमेकांना जोडलेले असून त्यांपैकी एकावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा मिळून झालेला OH हा गट असतो. उरलेल्या सर्व जागा हायड्रोजनने भरलेल्या असतात. रसायनशास्त्रज्ञ हा रेणू C₂H₅OH असा लिहितात. पुढील सर्व घडामोडी मुख्यतः या OH गटाभोवतीच घडतात.

प्रतियोजन : एक जातो, दुसरा येतो

रेणूतील एक अणू किंवा गट निघून जाऊन त्याच जागी दुसरा येऊन बसतो, तेव्हा त्या विक्रियेस प्रतियोजन म्हणतात. अल्कोहोलमध्ये सोडियम ब्रोमाइड व तीव्र सल्फ्युरिक अम्ल मिसळून मिश्रण हलकेच तापविले, की प्रथम हायड्रोब्रोमिक अम्ल तयार होते आणि त्यातील ब्रोमीन OH गटाची जागा घेतो :

C₂H₅OH + HBr → C₂H₅Br + H₂O

येथे अम्लाचे काम महत्त्वाचे आहे. OH गट कार्बनला सहजासहजी सोडत नाही. परंतु अम्लातील हायड्रोजन त्याला चिकटला, की तो पाण्याच्या रूपाने सुटा होऊ शकतो. त्याच वेळी ब्रोमीन विरुद्ध बाजूने कार्बनजवळ येतो आणि पाणी दूर होताच ती जागा भरून निघते. अम्लाविना नुसते सोडियम ब्रोमाइड घालून ही विक्रिया घडत नाही.

तयार झालेले एथिल ब्रोमाइड ३८° से. ला उकळते. त्यामुळे त्याची वाफ सहज बाहेर पडते. ती बर्फाच्या पाण्याखाली गोळा केली असता पाण्यापेक्षा जड असे तेलकट थेंब तळाशी साचतात. विक्रिया साधल्याची ही खूण होय. मिश्रण फार तापले, तर मात्र सल्फ्युरिक अम्ल हायड्रोब्रोमिक अम्लाचे विघटन करून ब्रोमीन मुक्त करते आणि चंबूत तांबूस-तपकिरी वाफ दिसू लागते. उष्णता कमी करण्याची ती सूचना समजावी.

विलोपन : रेणूतून काही वजा होते

आता त्याच अल्कोहोलमध्ये ब्रोमाइड न घालता केवळ तीव्र सल्फ्युरिक अम्ल पुरेशा प्रमाणात मिसळून मिश्रण सुमारे १७०° से. पर्यंत तापविले, तर वेगळेच घडते. OH गट पूर्वीप्रमाणेच पाण्याच्या रूपाने जातो. पण त्याच्या जागी कोणीही येत नाही. उलट शेजारच्या कार्बनवरील एक हायड्रोजनही सुटतो. मोकळ्या झालेल्या दोन कार्बन अणूंमध्ये दुसरा बंध जुळतो आणि एथिलीन हा वायू तयार होतो :

C₂H₅OH → C₂H₄ + H₂O

शेजारच्या दोन अणूंवरून काहीतरी काढून घेऊन दुहेरी बंध निर्माण करणाऱ्या अशा विक्रियेस विलोपन म्हणतात.

या प्रयोगात तापमान सांभाळणे अत्यावश्यक असते. अल्कोहोल भरपूर ठेवून मिश्रण सुमारे १४०° से. वरच ठेवले, तर अल्कोहोलचे दोन रेणू एकमेकांशी जोडले जाऊन प्रामुख्याने ईथर मिळते. एका रेणूतील OH ची जागा दुसऱ्या रेणूने घेतलेली असते. म्हणजे हेही प्रतियोजनच. द्रव्ये तीच असताना केवळ तीस अंशांच्या फरकाने विक्रियेचा प्रकार बदलतो. सर्वसाधारणपणे उष्णता वाढली, की विलोपनाला अधिक वाव मिळतो. तथापि, सीमारेषा काटेकोर नसते. दोन्ही विक्रिया बरोबरीने चालतात आणि प्रमाण तेवढे बदलते.

कारखान्यात एथिलीनसाठी अल्कोहोलची वाफ तप्त अ‍ॅल्युमिनावरून नेण्याची पद्धत वापरतात. ब्राझीलमध्ये २०१० साली उसाच्या अल्कोहोलपासून एथिलीन बनविणारा मोठा कारखाना सुरू झाला. तेथील एथिलीनपासून पॉलिथीन तयार होते.

समावेशन : काहीही न गमावता भर पडते

एथिलीनमधील दुहेरी बंधाचा एक पदर तुलनेने सैल असतो. तो उघडला, की दोन्ही कार्बन अणूंना नवा जोडीदार स्वीकारता येतो. ब्रोमीनच्या द्रावणातून एथिलीन सोडला असता ब्रोमीनचा एकेक अणू दोन्ही कार्बन अणूंवर जाऊन बसतो :

C₂H₄ + Br₂ → C₂H₄Br₂

येथे कोणताही अणू बाहेर पडत नाही. दोन रेणूंचा एकच रेणू होतो. हेच समावेशन. ब्रोमीनचा तांबूस रंग पाहता पाहता नाहीसा होतो. म्हणून दुहेरी बंध ओळखण्यासाठी ही कसोटी वापरतात.

या कसोटीत एक फसवी जागा आहे. १७०° से. ला सल्फ्युरिक अम्ल अल्कोहोलचा काही भाग जाळूनही टाकते. मिश्रण काळे पडते आणि सल्फर डायऑक्साइड वायू निर्माण होतो. हा वायूदेखील ब्रोमीनच्या पाण्याचा रंग घालवितो. त्यामुळे रंग गेला म्हणजे एथिलीन मिळाला, असे अनुमान चुकीचे ठरू शकते. यासाठी वायू प्रथम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून न्यावा. सल्फर डायऑक्साइड तेथेच शोषला जातो आणि एथिलीन तेवढा पुढे जातो. तीव्र अम्ल व ब्रोमीन या दोहोंमुळे गंभीर इजा होऊ शकते. सबब हा प्रयोग वायू बाहेर खेचून नेण्याची सोय असलेल्या प्रयोगशाळेत अनुभवी शिक्षकानेच करून दाखवावा.

अणूंचा ताळेबंद

समीकरण समोर असता प्रकार ओळखण्यासाठी दोन्ही बाजूंचे रेणू मोजावेत. दोन रेणूंपासून दोनच रेणू झाले आणि गटांची अदलाबदल दिसली, तर प्रतियोजन. एकाचे दोन होऊन दुहेरी बंध आला, तर विलोपन. दोहोंचा एक होऊन दुहेरी बंध गेला, तर समावेशन.

वजनाचा हिशेबही हेच सांगतो. प्रतियोजनात ४६ ग्रॅम अल्कोहोल व ८१ ग्रॅम हायड्रोब्रोमिक अम्ल यांपासून १०९ ग्रॅम एथिल ब्रोमाइड आणि १८ ग्रॅम पाणी मिळते. समावेशनात २८ ग्रॅम एथिलीन १६० ग्रॅम ब्रोमीन सामावून घेतो आणि १८८ ग्रॅमचा एकच पदार्थ तयार होतो. वाया काहीच जात नाही. विलोपनात मात्र ४६ ग्रॅम अल्कोहोलपासून २८ ग्रॅम एथिलीन व १८ ग्रॅम पाणी मिळते. म्हणजे १०० किलोग्रॅम शुद्ध अल्कोहोलपासून फार तर ६१ किलोग्रॅम एथिलीन हाती येईल. यंत्रसामग्री कितीही सुधारली, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. कारण उरलेला भाग पाण्याच्या रूपाने जाणे हा त्या विक्रियेचाच धर्म आहे. मळीच्या अल्कोहोलपासून प्लास्टिकचा कच्चा माल बनविण्याचा कोणताही हिशेब मांडताना प्रारंभ या आकड्यापासूनच करावा लागतो.